पंख्याची परवानगी

आई पहिल्यांदा हरवली ती दुपारी. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. त्या दिवशी मुलांची प्रात्यक्षिकं चालू होती आणि भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीतून समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. "अगं, तुझी आई दिसत नाही वर. दार सताड उघडं आहे."

ती सापडली चार गल्ल्या पलीकडे. कुणीतरी बोकडं विकायला आणली होती, त्यांच्यामागे चालत गेली होती. पायात चप्पल नव्हती. मला बघून म्हणाली, "ही आपली न्हायती गं. आपली कुटं गेली?"

आपली म्हणजे आमची मेंढरं. वडील गेल्यावर ती विकली, त्याला बरीच वर्षं झाली. पण आईच्या डोक्यात ती अजून कुठंतरी चरत होती. आमच्या रानात पाऊस नावाला पडतो. आई सगळा जन्म मेंढरांमागे चालली आणि त्या चालण्यावर मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरी लागल्यावर तिला सोलापूरला आणायचं, एवढंच मी ठरवलेलं होतं. आणलं. तिला घरात नळ आणि डोक्यावर पंखा देता आला याचं मला फार समाधान होतं. तिचं विसरणं नंतर सुरू झालं.

त्या संध्याकाळी गावाकडून भावाचा फोन आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

"आता पुन्यांदा अशी भायेर पडली तर मी न्हेतो तिला. हितं मागची खोली हाय. भायेरनं कडी हाय."

"दादा, कडी लावून ठेवणार?"

"मग काय करू? आमी दोगं रानात. तू तर हापिसात. ट्रकखाली गेल्यावर फोन करतीस काय?"

त्याचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना. पण ज्या बाईनं आयुष्यभर आभाळाखाली पाय उचलले, तिला बाहेरून कडी घातलेल्या खोलीत बसवायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिला माझ्याजवळ ठेवायचं तर मी कॉलेजात असताना घरात काय चाललंय ते मला कळायला हवं होतं.

यावर उपाय आहे हे मला माझ्या कामामुळे माहीत होतं. दाराच्या चौकटीला एक लहान सेन्सर आणि दाराच्या फळीला एक चुंबक चिकटवायचं. दार उघडलं, दोन्ही लांब गेली, की मोबाईलवर सूचना येते. हॉलमध्ये हालचाल ओळखणारा दुसरा सेन्सर. आणि स्विचबोर्डाच्या आत, स्विचांच्या मागे, काड्यापेटीएवढा एक डबा बसवायचा, म्हणजे पंखा आणि दिवा मोबाईलवरूनही चालू-बंद होतात. आई उन्हाळ्यात पंखा लावायचं विसरून घामानं भिजून बसायची. मला तो कॉलेजातून लावता आला असता.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडून बघून गेला. बोर्डात सॉकेट होतं, त्यामुळे न्यूट्रलची वायर आत आलेली होती. त्या डब्याला ती लागते. तो म्हणाला, "मॅडम, अर्ध्या तासाचं काम. भिंत फोडायची नाही, काही नाही. मालकाला विचारायचंच कशाला? जाताना काढून देतो, त्यांना पत्ता लागणार नाही."

"नाही हो, घर त्यांचं आहे. विचारायला हवं."

"बघा," तो म्हणाला आणि बोर्डाचे स्क्रू पिळायला लागला.

घरमालक खालच्या मजल्यावर राहत. सरकारी कार्यालयात अधीक्षक होऊन निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या पत्नीला काकू. इमारतीत दोनच फ्लॅट, खाली त्यांचा, वर माझा. मीटर एकच, त्यांच्या नावावर, आणि लाइट बिल माझ्या भाड्यातच धरलेलं. तोंडी काही विचारलं की काका म्हणायचे, "लेखी द्यावं." नळाचा वॉशर बदलायलाही मी त्यांना चिठ्ठी दिली होती. मला त्याचं वाईट वाटत नसे. शाळेत आमच्या बाईंनी अर्जलेखन फार मन लावून शिकवलं होतं. विषय एका ओळीत, कारण सविस्तर, भाषा नम्र. त्यांच्या त्या शिकवण्यावर मी शिष्यवृत्ती मिळवली, नोकरी मिळवली. नीट लिहिलेल्या अर्जाला माणसं नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव होता.

म्हणून मी तसाच लिहिला.

"विषय : भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्मार्ट स्विच व सेन्सर बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, माझ्या आईस विस्मरणाचा आजार असून ती दुपारी एकटी असताना घराबाहेर पडते. तसेच तिला पंखा, दिवा लावण्याचे स्मरण राहत नाही. सदर उपकरणे बसविल्यास मला कामाच्या ठिकाणाहून तिची काळजी घेता येईल. भिंतीस कोणतीही इजा होणार नाही. फ्लॅट सोडताना सर्व पूर्ववत करून देईन. आपण मला मुलीसारखे मानता, त्यामुळे आपण अनुमती द्याल असा विश्वास आहे."

काकांनी तो माझ्यासमोर, चष्मा लावून, मोठ्यानं वाचला. आत काकू भाजी निवडत होत्या, त्यांनाही ऐकू जावा इतक्या मोठ्यानं.

"विस्मरणाचा आजार," ते म्हणाले. "मग बाळ, हे भाड्यानं घेताना सांगायला हवं होतंस."

"तेव्हा नव्हतं काका."

"आणि दाराला सेन्सर. म्हणजे म्हातारी बाहेर गेली की घंटी?" ते हसले. "तुमच्यात मेंढरांच्या गळ्यात घुंगरू बांधतात ना? तसंच की हे. एकच बांधा आईला, खर्च वाचेल."

मीही हसले. माझ्या हातात परवानगी नव्हती अजून.

दोन दिवसांनी त्यांनी अर्ज परत दिला. समासात शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात अटी होत्या. भिंत फोडू नये. जाताना सर्व पूर्ववत करून द्यावे. तिसरी अट अशी, की वीज मीटर घरमालकाचे असल्याने सदर उपकरणांचे नियंत्रण घरमालकाच्या मोबाईलवरही असावे. खाली 'मंजूर' आणि सही.

मला इतका आनंद झाला की मी काकूंना पेढे नेऊन दिले. काकांच्या मोबाईलवर मीच ॲप घातलं, मीच त्यांना माझ्या घराचे सदस्य म्हणून जोडलं आणि समोर बसून शिकवलं. हे दार. हा पंखा. हे हॉलमधल्या हालचालीचं, कुणी हललं की हा ठिपका हिरवा होतो. काका चांगले विद्यार्थी होते. एकदा सांगितलं की पुन्हा विचारलं नाही.

पहिले काही आठवडे फार चांगले गेले. आई दाराबाहेर पडली की माझा मोबाईल वाजे, मी समोरच्या शिवणकामवाल्या बाईंना फोन करी, त्या मशीन थांबवून खिडकीतून हाक मारत, "आजी, या की इकडं, चहा टाकलाय!" आई त्यांच्या दारात बसे, चिंध्या निवडे, आणि मग आपणच वर येई. मी सकाळी अकराला पंखा लावी. घरी आल्यावर आई सांगे, "आज पंखा आपणहून लागला. लई शहाना हाय." तिला त्याचं कौतुक होतं. जेवताना त्याला एकदा भाकरीचा तुकडासुद्धा दाखवला तिनं.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"मध्ये मला जरा सैलपणा वाटला.

मग ऊन वाढलं. सोलापूरचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. वरचा फ्लॅट, डोक्यावर तापलेला स्लॅब. दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसे. आणि त्याच दिवसांत आईचा पंखा बिघडला.

"रुसलाय," आई म्हणाली. "म्या बटन दाबलं की फिरतो, मी खाली बसले की थांबतो. पुन्ना उठले, दाबलं, फिरला. बसले, थांबला. आता न्हाय दाबत मी. त्याला माझा राग आलाय."

"किती वेळा झालं असं?"

"मला काय मोजता येतंय?"

मला वाटलं, वीज जाते-येते त्यामुळे असेल. या डब्यांमध्ये एक सोय असते. वीज गेली आणि परत आली की पंखा बंदच राहावा की आधी होता तसा राहावा, हे ठरवून ठेवता येतं. मी ते बदललं. फरक पडला नाही. कॉलेजातून मी पंखा लावायची, थोड्या वेळानं बघावं तर बंद. पुन्हा लावायची, पुन्हा बंद. ॲपच्या नोंदीत चालू झालं, बंद झालं एवढंच दिसे, कुणी केलं ते दिसत नसे. मला वाटलं आईच करतेय आणि विसरतेय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं सगळ्या वायरी पुन्हा आवळल्या. "डबा ठीक आहे मॅडम," तो म्हणाला. आईला त्यानं समजावून सांगितलं, "आजी, आता बटन वर आहे की खाली ते बघायचं नाही. कसंही असू द्या, नुसतं हलवायचं, की लागतोय." हे खरंच होतं. मोबाईलवरून बंद केलेल्या पंख्याचं बटन भिंतीवर चालूच्या बाजूला राहतं. आई त्या बटनाकडे बघत राहिली. ज्या एका गोष्टीची तिला खात्री होती, खाली दाबलं की चालू, तीही आता तशी राहिली नव्हती.

त्यानंतर आई बाहेर जास्त पडायला लागली. ती आता मेंढरं शोधायला जात नव्हती. खालच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायची. "हितं वारं हाय," म्हणायची. दाराच्या सूचना दिवसभर वाजायच्या. काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "आज पुन्हा बाहेर. बघतोय मी सगळं." मी त्यांचे आभार मानायची. त्यांनी लक्ष ठेवलंय असं मला वाटायचं.

त्या दिवशी परीक्षेमुळे कॉलेज लवकर सुटलं. दुपारीच घरी आले. काकांच्या दाराला पडदा होता आणि आत पाहुणे होते, त्यांच्या जुन्या कार्यालयातले दोघं. कूलरचा आवाज येत होता. मी जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि काकांचा आवाज ऐकला.

"थांबा, थांबा. आता बसली असणार. ठिपका गेला बघा. हं, आता करतो बंद."

 मीही पायरीवर थांबले.

"हलली! हिरवा झाला! उठली बघा म्हातारी. आता जाणार बटनाकडं. जाणार... गेली. लागला पंखा!"

दोघं पाहुणे हसले. एक म्हणाला, "साहेब, तुम्ही ऑफिसात आम्हाला असंच उठवायचा."

"तुम्ही तरी पगार घ्यायचा," काका म्हणाले. "बसू द्या तिला आता. बसली की पुन्हा. परवा सात-आठ वेळा उठवली. मग थकते. मग बटनच दाबत नाही, घामात बसून राहते तशीच. शिकते हो जनावर."

"अहो, पुरे आता," काकूंचा आवाज आला. "ऊन किती आहे."

"तू सरबत आण."

मी पडदा बाजूला केला. मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नव्हतं. तोंडातून एवढंच आलं, "काका, वर माझी आई आहे."

पाहुण्यांनी कूलरकडे बघितलं. काकांनी मोबाईल उपडा ठेवला, पण घाईनं नाही.

"मग? कोण आहे ते ठाऊक आहे मला. बाळ, लाइट बिल कोण भरतं? दिवसभर पंखा चालू ठेवायला हे काय सरकारी ऑफिस आहे? आणि तिच्या पायांना व्यायाम होतो. डॉक्टरसुद्धा हालचाल करा म्हणतात."

"तिला वाटतं पंखा तिच्यावर रागावलाय."

यावर एक पाहुणा पुन्हा हसला, मग खोकल्यासारखं केलं. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांनी मलाही सरबत घे म्हटलं.

वर गेले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. पदर घामानं चिकटलेला. पंखा बंद होता, बटन खाली दाबलेलं. मी पंखा लावला. ती म्हणाली, "नको. पुन्ना बंद पडंल. लावू नगं."

संध्याकाळी मी ॲप उघडलं आणि काकांना घराच्या सदस्यांमधून काढून टाकलं. दोनदा विचारलं ॲपनं, नक्की काढायचं का म्हणून. दोन्ही वेळा हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा एकदाही थांबला नाही. आईनं मात्र दिवसभर त्याच्याकडे मान वर करून बघितलं असावं, कारण रात्री तिची मान दुखत होती.

त्या शांततेचा तो एकच दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फटीतून कागद आला. तेच वळणदार अक्षर. "अट क्रमांक तीनचा भंग झाल्याने दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे. रविवारपर्यंत सर्व उपकरणे काढावीत. तसेच अर्जदाराच्या स्वतःच्या लेखी निवेदनानुसार तिची आई विस्मरणाने आजारी असून एकटी राहण्यास असमर्थ आहे, सबब तिला सदर जागेत एकटे ठेवता येणार नाही."

माझंच वाक्य होतं. विषय, कारण, नम्र भाषा, सगळं माझं.

मी खाली गेले. म्हटलं, "काका, पंख्याचं काढते. पण दाराचा सेन्सर राहू द्या. त्याला वीज लागत नाही तुमची, त्याला सेल आहे."

"दाराचाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "तुझ्या भावाला कळवलंय मी. भाडेकरारावर साक्षीदार म्हणून त्याची सही आहे, नंबर आहे. सांगितलं त्याला, रोज किती वेळा दार उघडतं ते. सगळं होतं माझ्याकडं. जबाबदारी असते बाळ घरमालकाची. उद्या काही झालं तर पोलीस मला विचारणार."

ती कडुनिंबाखाली बसायला जात होती. वारा खायला जात होती. हे भावाला मी फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मालक काय खोटं बोलतोय? लिवून दिलंयस म्हणं तू सोता, की तिला एकटं ठेवता येत न्हाय."

शनिवारी तो जीप घेऊन आला. आईचं एक गाठोडं, एक घोंगडं. आई खुशीत होती, गावाकडं जायचं म्हणून. "मेंढरं हायती का तितं?" तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, "हायती की, लई हायती. चल." खाली काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातावर पाण्याची बाटली ठेवली आणि आत गेल्या.

रविवारी इलेक्ट्रिशियननं डबे काढले, बोर्ड होता तसा केला. त्यानं मला "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. तो स्क्रू आवळत असताना काका वर आले. पूर्ववत झालंय का ते प्रत्येक बटन दाबून बघितलं. मग टेबलावरचा डबा उचलून हातात फिरवला.

"हा आमच्या खालच्या हॉलला बसेल का गं? तुला आता काय उपयोग. बसल्या जागी कूलर लावता येईल मला."

"नाही काका," मी म्हटलं आणि तो त्यांच्या हातातून घेतला. त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. करार संपला तसं मी ते घर सोडलं.

पण त्याआधी, वैशाखातच, गावी जाऊन आले. मागच्या खोलीची कडी वहिनीनं काढून दिली. आई पलंगावर बसली होती. खिडकी लहान. छताला पंखा होता, साधा, भिंतीवर काळं बटन, भावानं तिच्यासाठी मुद्दाम बसवलेला. पंखा बंद होता आणि आईच्या गळ्यावरून घाम ओघळत होता.

"आई, पंखा का लावला नाहीस?"

तिनं बटनाकडे बघितलं, मग दाराकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "आदी इच्यार कुनाला तरी. लावू का म्हनून. न इच्यारता लावला की बंद करत्यात."

"कुणी करत नाही इथं."

"तू इच्यार तर."

मी बटन दाबलं. पंखा फिरायला लागला. खोलीतली गरम हवा हलली, तिच्या कपाळावरचे पांढरे केस उडाले. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला, कॉलेजातल्या गोष्टी सांगितल्या. ती ऐकत नव्हती. मान वर करून ती पंख्याकडे बघत होती, तो आता कधी थांबतो याची वाट बघत.